बैठकीचा निरोप केव्हा टाकायचा?

(प्रभागसंघाच्या बैठकीत गटांच्या अध्यक्ष-सचिवांसमोर केलेले भाषण)

आज बोलायचंय ते बैठकीच्या निरोपाच्या वेळेवर.

सचिवताईंना सवड मिळते रात्री. भांडी झाली, पोरं झोपली की साडेदहाला मोबाईल हातात येतो आणि ग्रुपवर निरोप पडतो. तेव्हा धारा काढायला पहाटे पाचला उठणारी बाई झोपलेली असते. एकदोनदा झोपमोड झाली की ती ग्रुप म्यूट करून टाकते. म्यूट केला की दिवसाचा निरोपही वाजत नाही, आणि आपण म्हणतो, "हिला सांगूनसुद्धा ही येत नाही!"

मग वेळ ठरवायची कशी? पुरावा आपल्याच फोनमध्ये आहे. ग्रुपवर तुम्ही स्वतः टाकलेला मेसेज दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कोणी वाचला आणि किती वाजता, ते तिथे दिसतं. मागचे चार-पाच निरोप असे बघा आणि वेळा वहीत लिहा. ज्यांचे फोन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतात, त्यांना मात्र तोंडी विचारा. तिथली खूण पोराने वाचल्याचीही असू शकते.

आता दहा जणींचा एक गट धरू. सहा जणी मजुरीला जातात. सकाळी आठला मुकादमाच्या गाडीत बसतात, साडेपाचला सुटतात. दोघींकडे दुभती जनावरं आहेत, त्या नऊला झोपतात. एकीची दवाखान्यात रात्रपाळी आहे, ती सकाळी नऊ ते दुपारी दोन झोपते. एक घरीच शिवणकाम करते. दुपारी एकची वेळ मजुरांना जेवणाची म्हणून बरी वाटते, पण रात्रपाळीवालीची ती ऐन झोप. सहा ते साडेसात सगळ्या चुलीपाशी. उरतात साडेसात ते साडेआठ. रात्रपाळीवाली तेव्हा कामावर असते, पण तिला सवडीने वाचता येतं. म्हणजे या गटाची वेळ झाली संध्याकाळी पावणेआठ. तुमच्या गटाची वेगळी निघेल, आणि कांदा काढणी किंवा सोयाबीनची सुगी आली की पुन्हा बदलेल.

वेळेइतकंच महत्त्व वाराला आहे. समजा, बँकेचे साहेब शुक्रवारी अकराला येणार आहेत आणि सगळ्यांच्या सह्या लागणार आहेत. गुरुवारी संध्याकाळी निरोप टाकला, तर मजुरीवाल्या आदल्याच दिवशी मुकादमाला "उद्या येते" म्हणून आलेल्या असतात. गाडीत तिची जागा धरलेली असते, आता नाही म्हटलं तर पुढच्या वेळी तिला बोलावणार नाहीत. म्हणून निरोप बुधवारी पावणेआठला हवा, म्हणजे गुरुवारी सुटताना तिला मुकादमाला सांगता येईल. पण गुरुवार आठवडे बाजाराचा असेल तर त्या दिवशी मजुरीच बंद, मुकादमाची गाठ बुधवारीच पडणार. म्हणजे निरोप मंगळवारी टाकायचा. अमावास्येला काम बंद ठेवणाऱ्या गावात हाच हिशोब. सुट्टीच्या दिवशी निरोप टाकू नये हे खरं, पण सुट्टी मध्ये आली की तो एक दिवस आधी जायला हवा, हे आपण विसरतो.

रात्री साडेदहाला आठवलं तर? निरोप लिहा जरूर, पण ग्रुपवर टाकू नका. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा, दुसऱ्या दिवशी पावणेआठला पुढे ढकला. साधा मेसेज पाठवणार असाल तर गुगलच्या मेसेजेस ॲपमध्ये पाठवायचं बटण दाबून धरलं की तारीख-वेळ लावता येते. फक्त त्या वेळी फोन चालू आणि रेंजमध्ये हवा.

खरोखर तातडीचं असेल, म्हणजे उद्या सकाळची बैठकच रद्द झाली, तर ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. ज्यांची मजुरी बुडणार आहे त्यांना आधी फोन करा. नऊनंतर फोन फक्त अशाच कामाला. ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही म्हणजे होकार आला, असंही धरू नका.

आणि हप्त्याची आठवण. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करणं हा जाच समजावा, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये कर्ज देणाऱ्या संस्थांना बजावलंय. गटातल्या आपापसातल्या कर्जाला तो नियम लागू नाही. पण कंपनीवाल्याने रात्री फोन केला की आपण चिडतो, मग आपल्याच बाईच्या थकबाकीचा आकडा रात्री ग्रुपवर कशाला? तो फोन तिच्या घरात कोणाच्या हातात असेल, काय माहीत! रकमेचं बोलणं बैठकीत, नाहीतर तिच्या दारात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपली वेळ, बाजाराचा वार आणि रात्रपाळीवाल्यांची नावं इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहून आणावी. सचिव बदलली तरी नवीनीला ते पान उघडलं की कळेल.