डाळ कोरडी मोजा



खोताच्या वाडीत माझ्याकडे शिकवणीला येणारी मुले म्हणतात, "सर, आम्ही रोज वाटीभर डाळ खातो." पण त्या वाटीत पाणीच अधिक! म्हणून प्रथिनांचा हिशेब कोरड्या वजनावर करावा.

पंचावन्न किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. कोरडे सोयाबीनचे वडे २५ ग्रॅम घेतले तर १३ ग्रॅम मिळतात. ४० ग्रॅम डाळीतून ९, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, एका अंड्यातून ६. झाले ३५, उरलेले चार चपात्या देतात. वडे भिजून फुगतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा शिजलेल्या वाटीला लावू नका. मोसमी भाजीत प्रथिने थोडीच. पण डाळभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यांतले लोह अंगी लागेल.