शेवटचं पान एकटंच फिरतं

इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत वाचायची चार-पाच पानं असतात, त्यांना कॅरोसेल म्हणतात. तशी पानं मी करते. दोन रिचार्ज शेजारी-शेजारी मांडायचे आणि शेवटच्या पानावर निकाल द्यायचा. मागे एकदा मी त्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ब सरस’. आठच दिवसांत शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. “तुझं वाचून तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले गं, पण माझा डेटा रोज उरतोच आहे!”

आकडे जरा सोपे करून सांगते. ‘अ’ २८ दिवसांचा, २५२ रुपयांना, रोज १ जीबी. ‘ब’ ८४ दिवसांचा, ८४० रुपयांना, रोज २ जीबी. मी जीबीमागे भाव काढला होता: अ नऊ रुपये, ब पाच. म्हणून ब सरस! पण हाच हिशेब दिवसामागे करा. अ नऊ रुपये, ब दहा. निकाल उलटा! रोजचा न वापरलेला डेटा बहुतेक रिचार्जमध्ये मध्यरात्री बुडतो, त्यामुळे काकूंना तो दुसरा जीबी पाच रुपयांत काय, फुकट मिळाला तरी उपयोगाचा नव्हता.

मग ज्याला एखाद्या दिवशी दीड जीबी लागतो, त्याने काय करावं? अ घेतला तर कधीमधी वरचा डेटा विकत घ्यावा लागेल. तो एका वेळी १९ रुपयांना मिळतो असं धरू. ब हा २८ दिवसांमागे अ पेक्षा २८ रुपयांनी महाग. म्हणजे एकदा वरचा डेटा घ्यावा लागला तरी अ स्वस्तच पडतो. दोनदा लागला की ३८ रुपये झाले, तिथे ब पुढे जातो.

निकालाच्या पानावर लिहायचं ते नेमकं हेच. ‘२८ दिवसांत वरचा डेटा फार तर एकदा लागत असेल तर अ, दोनदा किंवा जास्त तर ब.’ खाली दर कोणत्या तारखेचे, तेही हवं, कारण लोक नेमकं हेच पान व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतात. आधीची पानं मागेच राहतात. दोन्ही रकान्यांत अक्षरं एका मापाची ठेवायची. मी ब ला हिरवा रंग दिला होता, अ ला करडा. वाचायच्या आधीच निकाल लागलेला! आणि ‘महिना’ हा शब्द मी आता टाळते. २८ दिवसांचा महिना धरला तर वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात.

काकूंच्या फोनच्या सेटिंगमध्ये आम्ही मोबाइल डेटाचा वापर पाहिला. २८ दिवसांत १४ जीबी, म्हणजे रोज अर्धा. घरी वायफाय आहे ना! पुढच्या वेळी अ, असं ठरलं. ब संपायला अजून अडीच महिने आहेत.