दोन घासांत भरणारं पोट



आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य वारंवार ऐकू येतं: "डॉक्टर, दुर्बीण घालून पाहिलं, काही निघालं नाही. मग मला जेवता का येत नाही?" हा प्रश्न विचारणारी माणसं बहुधा हातात जाडजूड फाईल आणि पर्समध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन येतात. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. मी सांगतो ती एक बाई खरी नाही, तीनचार रुग्ण एकत्र करून बनवलेली आहे. पण तिचं सगळं प्रत्यक्षात घडलेलं आहे.

या बाई छत्तीस वर्षांच्या, बँकेत नोकरीला. पावसाळ्यात एकदा जुलाब-उलट्यांचा जोरदार त्रास झाला, चार दिवसांत थांबला. त्यानंतर भूक लागायची, ताट समोर यायचं, आणि अर्धी भाकरी झाली की पोट तट्ट. पुढचा घास नको वाटायचा. जेवल्यावर दोनतीन तास बरगड्यांच्या मधोमध जडपणा असायचा. जळजळ नव्हती, दुखणं फारसं नव्हतं. आठ महिन्यांत वजन बावन्न किलोवरून अठ्ठेचाळीसवर आलं. एंडोस्कोपी झाली. अहवालात अल्सर नाही, गाठ नाही, फक्त "सौम्य लाली" एवढी नोंद होती. अशी लाली पुष्कळांच्या जठरात दिसते आणि तिचा या तक्रारीशी संबंध असतोच असं नाही. तरी त्या दोन शब्दांवर पाच महिने गोळ्या चालल्या होत्या.

आता जठर काय करतं ते पाहू. आपलं जठर रिकामं असताना लहानसं, जेमतेम पाऊण-एक कप मावेल इतकं असतं. जेवायला लागलो की त्याचा वरचा भाग सैल पडतो, आणि आत दाब न वाढता लिटरभर अन्न मावतं. हे सैल पडणं आपोआप होतं. व्हेगस नावाच्या मज्जातंतूकडून तो संदेश येतो. काही माणसांत हा संदेश नीट पोहोचत नाही. नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना जसे गाल दुखतात, तसं त्यांचं जठर थोड्या अन्नालाही ताठरपणे तोंड देतं आणि आतला दाब लवकर वाढतो. अन्न कमी आत गेलं, पण भरल्याची जाणीव पूर्ण जेवणाची.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात यान टॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे मोजून दाखवलं. जठरात एक मऊ पिशवी सोडायची, तिच्यात हवा भरायची आणि जेवणानंतर जठर किती सैल पडतं ते पाहायचं. दुर्बिणीत काही न सापडता टिकून राहणाऱ्या अशा त्रासाला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात; तो असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांत जठर पुरेसं सैल पडत नव्हतं. अशांनाच लवकर पोट भरण्याची आणि वजन उतरण्याची तक्रार अधिक होती. म्हणजे दुर्बिणीला काही दिसलं नाही याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. दुर्बीण आतलं अस्तर दाखवते. स्नायू सैल पडतो की नाही, हे तिला कळत नाही.

बाकीच्यांत इतर कारणं असतात. काहींत जठर रिकामं व्हायला उशीर लागतो. काहींत जठराचा ताण मेंदूला वाजवीपेक्षा जास्त जाणवतो. काहींत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सूक्ष्म दाह असतो. जुलाबाच्या संसर्गानंतर हा त्रास सुरू होणं अगदी ओळखीचं आहे, आणि आपल्या बाईंचं तेच झालं असावं.

या कारणांत ॲसिडचं नाव एकदाही आलं नाही, हे लक्षात आलं असेल. ॲसिड कमी करणारी गोळी जळजळ किंवा वरच्या पोटात दुखणं असेल तर मदत करू शकते. चार ते आठ आठवडे घेऊन पाहण्यात काही चूक नाही. पण जिथे भाकरी अर्धीच जाते आहे, तिथे ही गोळी फार काही करत नाही. तरी माणसं वर्षानुवर्षे ती घेतात. मधेच बंद करून पाहतात, तर त्रास उसळतो, आणि त्यांना वाटतं, पाहा, गोळी लागतेच! खरं म्हणजे दीर्घकाळ गोळी घेतल्यावर एकदम थांबवली की जठर काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त ॲसिड बनवतं. म्हणून ती हळूहळू उतरवायची.

बाईंची फाईल पुढे चाळली तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पहिली: एंडोस्कोपीच्या वेळी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी झाली होती आणि ती निगेटिव्ह आली होती. पण त्या दिवसांत पँटोप्राझोल चालू होती. ही गोळी चालू असताना जिवाणू दबून राहतो आणि तपासणी खोटं निगेटिव्ह देऊ शकते. गोळी निदान दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असली पाहिजेत, मगच उत्तरावर विश्वास ठेवायचा. जिवाणू सापडला तर चौदा दिवसांचा औषधोपचार करावा, कारण काही रुग्णांचा त्रास त्यानेच थांबतो. सगळ्यांचा नाही, थोड्यांचाच, पण त्यांच्यापुरता कायमचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. त्यांची "ॲसिडिटीची" कॅप्सूल एकटी नव्हती. तिच्यात लेवोसल्पिराइड हे दुसरं औषधही होतं. आपल्याकडे अशा जोड-कॅप्सूल सर्रास मिळतात, आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला कुणाला वेळ असतो? हे औषध जठराची हालचाल वाढवतं, पण डोपामाइन अडवून. त्यामुळे रक्तातलं प्रोलॅक्टिन वाढतं. बाईंची पाळी तीन महिने चुकली होती, आणि त्यासाठी त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. दोन्हींचा संबंध कुणी जोडला नव्हता. वयस्कर माणसांत याच औषधाने हात थरथरणं, चालणं मंदावणं, पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: हे महिनोन् महिने चालू ठेवायचं औषध नाही. डॉम्पेरिडोनच्या बाबतीतही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होत असल्याने युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ते कमी मात्रेत आणि सहसा एक आठवड्यापुरतंच घ्यावं असं सांगितलं.

तर आम्ही काय केलं? जोड-कॅप्सूल बंद केली. नुसती पँटोप्राझोल ठेवली, ती चाळीसवरून वीस मिलिग्रॅमवर, मग एक दिवसाआड, मग पूर्ण बंद. मधल्या जळजळीसाठी साधं पातळ अँटासिड. गोळी थांबल्यावर दोन आठवड्यांनी शौचातून जिवाणूची तपासणी केली, ती खरोखर निगेटिव्ह आली. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड ठीक होतं. आणखी एक प्रश्न हल्ली मी आवर्जून विचारतो: वजन कमी करण्याची किंवा मधुमेहाची साप्ताहिक इंजेक्शनं चालू आहेत का? ती औषधंही पोट लवकर भरवतात. बाईंना ती नव्हती.

जेवणाबद्दल सांगायचं तर इथे संशोधन फार भक्कम नाही, पण जठराच्या वागण्यावरून काही गोष्टी ठरवता येतात. अन्नातलं तेल-तूप लहान आतड्यात पोहोचलं की तिथून जठराला "थांब" असा निरोप जातो, आणि भरल्याची जाणीव वाढते. म्हणून रात्रीची तळलेली भजी किंवा तर्रीदार रस्सा कमी करायचा. कच्ची कोशिंबीर आणि मोड आलेली कडधान्यं काही दिवस कमी. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान खाणी. जेवताना तांब्याभर ताक किंवा पाणी नको, ते तासाभराने. मधल्या वेळात पातळ पण पोषक काही, मुगाचं कढण किंवा दूध घालून नाचणीची पेज, कारण पातळ अन्न जठरातून लवकर पुढे सरकतं. वजन उतरलेल्या माणसाने मात्र पथ्याच्या नावाखाली एकेक पदार्थ सोडत जाऊ नये. मी त्यांना दोन आठवड्यांची वही ठेवायला सांगितली: आठवड्यात किती दिवस जेवण अर्धवट टाकलं. सुरुवातीचा आकडा होता सहा.

औषधांत पहिलं निवडलं अकोटियामाइड, १०० मिलिग्रॅम, तिन्ही जेवणांआधी. हे जठर सैल पडायला आणि रिकामं व्हायला मदत करतं, डोपामाइनला हात लावत नाही. जपानमध्ये ते २०१३ पासून याच आजारासाठी वापरात आहे, आपल्याकडेही मिळतं. तिथल्या मोठ्या चाचणीत चार आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ५२ टक्क्यांना बरं वाटलं, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. भरल्यासारखं वाटणं, फुगणं आणि लवकर पोट भरणं हे तिन्ही पूर्ण गेलं असे रुग्ण मात्र १५ टक्के, विरुद्ध ९ टक्के. फायदा खरा आहे, पण माफक आहे, आणि हे रुग्णाला आधीच सांगितलं तर चार दिवसांत औषध फेकून दिलं जात नाही.

बाईंचा सहाचा आकडा चारवर आला, वजन हललं नाही. मग मी रात्री झोपताना मिर्टाझापिन सुचवलं, आधी साडेसात आणि मग पंधरा मिलिग्रॅम. त्या म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टर, तुम्हालाही वाटतंय की हे माझ्या मनाचेच खेळ आहेत?" प्रश्न रास्त होता. हे औषध नैराश्यासाठी वापरतात, हे त्यांनी फोनवर वाचलं होतं. ल्यूव्हेनमध्येच त्याची लहान चाचणी झाली, त्यात नैराश्य नसलेले, पण या आजारामुळे वजन बरंच उतरलेले चौतीस रुग्ण होते. त्यांपैकी औषध घेणाऱ्यांचं लवकर पोट भरणं कमी झालं आणि वजन वाढलं. हे औषध भूक वाढवतं आणि जठर-मेंदू यांच्यातल्या संदेशांवर काम करतं. पहिले आठदहा दिवस सकाळी गुंगी राहते, तेव्हा स्कूटर जपून.

दुखणं हीच मुख्य तक्रार असती तर मी अमिट्रिप्टिलिन निवडलं असतं, दहा मिलिग्रॅमपासून, रात्री. उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा वरच्या पोटात दुखणाऱ्यांना झाला, लवकर पोट भरणाऱ्यांना विशेष नाही. म्हणूनच "पोटाचा त्रास" एवढं सांगून भागत नाही. दुखतं, जळतं की भरतं, हे डॉक्टरांना नेमकं सांगा.

तीन महिन्यांनी बाईंच्या वहीतला आकडा दोन होता आणि वजन पन्नास किलो. लग्नाच्या पंगतीत अजून त्रास होतो. मिर्टाझापिन आणखी तीन महिने ठेवून मग हळूहळू कमी करू, असं ठरलं आहे. एंडोस्कोपी पुन्हा करायची का, हे त्यांनी विचारलं. तक्रार तीच राहिली तर नाही. वजन पुन्हा उतरू लागलं, काळी शौच झाली, घास गिळताना अडकू लागला, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा रक्त कमी झालं, तर मात्र दुसऱ्याच दिवशी या, असं मी त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे.