चुकलेल्या उत्तराचे वाचन

(जिल्हा परिषदेच्या एका केंद्रशाळेत आंतरवासितेसाठी आलेल्या छात्राध्यापकांच्या उद्बोधन दिनी मुख्याध्यापकांनी केलेले स्वागतपर भाषण.)



परिपाठाची वेळ, हजेरीपट, पोषण आहाराची नोंद ह्या गोष्टी वर्गशिक्षक आपल्याला दाखवतीलच. मी आपला वेळ एकाच गोष्टीसाठी घेणार आहे. उद्यापासून आपल्या हाती मुलांच्या वह्या येतील. त्यांतील चुकलेले उत्तर कसे वाचावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

तिसरीच्या वर्गातील हातच्याची वजाबाकी घेऊ. फळ्यावर उदाहरण आहे : ५२ वजा २७. उत्तर २५. पण वर्गातील काही मुले ३५ लिहितात. आपण फुली मारतो, खाली बरोबर उत्तर लिहून देतो आणि पुढची वही घेतो. दुसऱ्या दिवशी ती मुले पुन्हा तशीच चूक करतात. असे का व्हावे?

दोन मुलांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोघांचेही उत्तर ३५ आहे. मुलीला जवळ बसवून विचारले, की हे कसे केलेस? ती सांगते, ‘‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले.’’ म्हणजे तिने वरचा-खालचा अंक न पाहता मोठ्यातून लहान वजा केला. मुलगा सांगतो, ‘‘एक दशक उसना घेतला, दोनाचे बारा झाले. बारातून सात गेले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले.’’ त्याने दशक सुटा केला; परंतु पाच दशकांचे आता चारच राहिले, ही नोंद करावयाची तो विसरला. उत्तर एकच, चूक मात्र वेगळी. मुलीला दशक सुटा करावा लागतो हेच उमगलेले नाही. मुलाला ते उमगले आहे, केवळ हिशेब लिहून ठेवावयाचा राहिला. दोघांना एकच उपाय केला, तर निदान एकाचा वेळ वाया जाईल.

मग प्रत्येक मुलाशी बोलल्यावाचून हे ओळखता येईल का? बऱ्याच अंशी येते; मात्र उदाहरणे निवडून द्यावी लागतात. ५२ वजा २७ मध्ये एककस्थानचे अंक २ आणि ७ आहेत. त्यांतील फरक ५ असल्यामुळे दोन्ही वाटांनी ५ हाच अंक येतो व चूक झाकली जाते. त्याऐवजी ६३ वजा २७ द्या. बरोबर उत्तर ३६. मोठ्यातून लहान काढणारी मुलगी ४४ लिहील. दशक कमी करावयास विसरणारा मुलगा ४६ लिहील. पुढे ७० वजा ३६ द्या. बरोबर उत्तर ३४. येथे मुलीचे उत्तर ४६ येईल आणि मुलाचे ४४. ह्यांच्या जोडीला ४८ वजा २३ असे हातचा नसलेले एक उदाहरण ठेवा. ते दोघांचेही बरोबर येईल. अडचण नेमकी हातच्यापाशी आहे, हे त्यावरून कळेल. एकदाच झालेली चूक ही नजरचूक असू शकते. हातच्याच्या प्रत्येक उदाहरणात तीच वाट दिसली, तर ती त्या मुलाची रीत आहे असे समजावे. अमेरिकेतील ब्राउन आणि बर्टन ह्या अभ्यासकांनी १९७८ साली हेच मांडले, की वजाबाकीतील पुष्कळ चुका बेशिस्त नसतात. मूल एक चुकीची रीत मोठ्या निष्ठेने पाळत असते.

आता उपाय. मुलीला काड्या द्या. दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडून तिला सत्तावीस काड्या मागा. सुट्या सात काड्या देता येत नाहीत, म्हणून गठ्ठा सोडावाच लागतो, हे तिच्या हातांना कळेल. काड्यांऐवजी दहाच्या खेळण्यातील नोटा व एक रुपयाची नाणी चालतील. बाजारात नोट मोडून सुटे घेणे तिने पाहिलेले असते. मुलाला काड्यांची तितकी गरज नाही. त्याला पाचावर काट मारून वर चार लिहिण्याची सवय लावा आणि ताळा करावयास शिकवा. ३५ मध्ये २७ मिळवले तर ६२ होतात, ५२ होत नाहीत. चूक त्याची त्यालाच सापडेल.

आणखी एका मुलाची वही पाहू. आपण तोंडी उदाहरण सांगितले, ‘‘बावन्न वजा सत्तावीस.’’ त्याने लिहिले २५ वजा ७२, आणि उत्तर काढले ५३. वजाबाकी कच्ची आहे असा शेरा आपण सहज मारू. पण तेच उदाहरण फळ्यावर अंकांत लिहून दिले, तर तो अचूक २५ लिहितो. त्याची अडचण ऐकण्यातून लिहिण्यात येतानाची आहे. आपल्या भाषेत ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी लिहावयाचे असतात. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या आठ संख्या तर आणखी अवघड. ‘एकोणतीस’ ह्या शब्दात नऊ कुठेच ऐकू येत नाही, तीस मात्र स्पष्ट ऐकू येते, म्हणून मूल ३९ लिहून मोकळे होते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा रीतीने संख्या वाचण्याची पद्धत देण्यात आली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. पण तो ज्या अडचणीतून उद्भवला, ती अडचण खरी आहे आणि ती आपल्या वर्गात बसलेली आहे. वजाबाकी शिकवण्यापूर्वी बावन्न, पंचवीस, अडुसष्ट, शहाऐंशी, एकोणतीस, एकोणऐंशी अशा दहा संख्या सांगून लिहून घ्या. ज्यांचे अंक उलटतात, त्यांना आधी संख्यालेखनाचा सराव द्या.

ह्या रीतीलाही मर्यादा आहेत. काही मुले शेजाऱ्याचे पाहून लिहितात, काही अंदाजाने; त्यांच्या उत्तरांत कोणताच क्रम आढळत नाही. तेथे वही पुरत नाही, मुलाशी बोलावेच लागते. बोलताना ‘‘हे चुकले’’ अशी सुरुवात करू नका. मूल लगेच खोडरबर हाती घेते आणि पुरावाच पुसला जातो. ‘‘कसे केलेस ते मला सांग,’’ एवढेच म्हणा, आणि बरोबर उत्तर आलेल्या मुलालाही अधूनमधून तेच विचारा. नाहीतर हा प्रश्न आला म्हणजे आपले चुकले, हे मुले चटकन ओळखतात.

आपणांस माझी एकच विनंती आहे. पहिल्या आठवड्यात एक वही घाला. तीत तीन रकाने आखा : उदाहरण, मुलाचे उत्तर, आणि मुलाने सांगितलेली रीत. रोज दोन मुलांची नोंद पुरे. शनिवारी शाळा सुटल्यावर आपण सारे एकत्र बसून त्या नोंदी वाचू. वर्गशिक्षकही बसतील, मीही बसेन. व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी त्या वेळी यावे, असे त्यांनाही निमंत्रण आहे. प्रगतिपत्रकात केवळ श्रेणी दिसते, तिच्यामागे काय आहे हे पालकांनाही पाहता येईल.

तिसरीचा वर्ग व्हऱ्हांड्याच्या टोकाला आहे. वह्या टेबलावर काढून ठेवल्या आहेत. आपण यावे.