मुलाखतीनंतरची वही



नोकरीची मुलाखत देऊन बाहेर पडलं, की घरून फोन येतो, "कशी झाली रे?" आपण म्हणतो, "बरी झाली." पुढच्या मुलाखतीपर्यंत तेवढंच आठवणीत उरतं. म्हणून माझं सांगणं असं, की त्या फोनच्या आधी अर्धा तास कुठेतरी बसा आणि वहीत लिहून काढा. प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहा. उत्तर मात्र जसं दिलंत तसंच, नंतर सुचलेलं नव्हे. मग त्यावर आलेला उपप्रश्न. हा उपप्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्या उत्तरात काय कमी पडलं ते समोरचा त्यातूनच सांगत असतो. हे सगळं निकालाआधी व्हायला हवं. नकार कळला, की चांगली गेलेली उत्तरंसुद्धा वाईट आठवू लागतात.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला एक मुलगा क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी चाकण-भोसरीकडे मुलाखती देत होता. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून अडतं, अशी त्याची खात्री होती. त्याने अशीच वहीत लिहिलेली चार मुलाखतींची पानं आम्ही शेजारी ठेवून वाचली. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, यावर तो कुठेच अडला नव्हता. पण एका पानावर प्रश्न होता, "शाफ्टचा व्यास टॉलरन्सबाहेर गेला तर?" त्याचं उत्तर, "सुपरवायझरला सांगेन." उपप्रश्न, "आणि तोवर मशीन चालूच?" दुसऱ्या पानावर, "ग्राहकाकडून माल परत आला तर?" "साहेबांना कळवेन." "त्याआधी काय कराल?" तिसऱ्या पानावरही तेच. यातली एक मुलाखत तर पूर्ण मराठीत झाली होती! म्हणजे प्रश्न इंग्रजीचा नव्हताच. "असं झालं तर काय कराल" म्हटलं, की तो स्वतःचं काम सांगण्याआधीच वरिष्ठांकडे बोट दाखवत होता.

मग त्याने क्रम बसवला. ऑपरेटरला मशीन थांबवायला सांगायचं, संशयित माल लाल टॅग लावून वेगळा ठेवायचा, मोजायचं साधन मास्टरवर तपासायचं, शेवटचा बरोबर नग कोणता ते मागे जाऊन शोधायचं, आणि हे सगळं हाती घेऊन सुपरवायझरकडे जायचं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. जागा आधीच भरलेली असते, पगाराचं जुळत नाही, अशा कारणांनीही नकार येतो, आणि ती वहीत दिसत नाहीत. म्हणून नकाराचं खापर एखाद्या उत्तरावर फोडू नका. एकदा अडखळलात तर तो त्या दिवसाचा भाग असेल. तीच अडखळण तीन पानांवर दिसली, तर तयारी तिथून सुरू करा. चांगलं गेलेलं उत्तरही तितक्याच तपशिलाने लिहा. पुढच्या मुलाखतीला निघताना कागदपत्रांच्या फाइलमध्ये एक वही आणि पेन ठेवा, आणि गेटबाहेर पडताच पहिलं पान लिहायला घ्या.