तान्ह्या बाळाचें तेल

बाळंतिणीच्या घरीं सकाळीं कढत पाण्याचा हंडा चढला, कीं पाठोपाठ तेलाची वाटी येते. कोंकणांत त्या वाटींत खोबरेल असतें, देशावर बहुधा तिळाचें तेल. बंगाल, बिहार आणि उत्तरेकडील प्रांतांत मात्र हा मान मोहरीच्या तेलाचा. त्यानें थंडी मोडते व हाडें बळकट होतात, अशी तिकडील समजूत. तेल चोळल्यावर अंगाला ऊब येते हें खरें. परंतु ती ऊब कशाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

मोहरीचा झणका अखंड दाण्यांत नसतो. दाणा चिरडून त्याला ओलावा लागला, म्हणजे त्यांतील दोन निरनिराळीं द्रव्यें एकत्र येतात आणि नाकांत चढणारा तिखट पदार्थ जन्म घेतो. त्याला रसायनशास्त्रांत ॲलिल आयसोथायोसायनेट म्हणतात. त्वचेला तो चुरचुरवितो, तेथील रक्तप्रवाह वाढतो, आणि त्यालाच लोक ऊब म्हणतात. घाण्यावरच्या उग्र तेलांत हा झणका अधिक असतो. तेव्हां ज्या तेलाची शुद्ध म्हणून वाखाणणी होते, तेंच बाळाला अधिक बाधण्याचा संभव असतो.

थोरांची कातडी हा चुरका सोसते, तान्ह्याची सोसत नाहीं. बाळाच्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो. शिवाय, जन्मतःच तिच्यावर थोरांच्या त्वचेसारखी आम्लता नसते. ती पुढील कांहीं दिवसांत व आठवड्यांत हळूहळू येते. हें सौम्य आम्ल आंतला ओलावा राखण्यास आणि रोगजंतूंना अटकाव करण्यास उपयोगी पडतें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत उंदरांच्या दुखावलेल्या त्वचेवर निरनिराळीं तेलें लावून पाहिलीं. सूर्यफुलाच्या तेलानें त्वचा लवकर सावरली. मोहरीच्या तेलानें तिचें सावरणें उलट लांबलें. पुढें नेपाळांत, जेथें मोहरीचें तेल घरोघर चालतें, तेथील नवजात बालकांवर हीं दोन तेलें ताडून पाहण्यांत आलीं. २०१९ सालीं आलेल्या त्या वृत्तांतानुसार सूर्यफुलाचें तेल लावलेल्या मुलांच्या त्वचेवर आम्लता अधिक लवकर आली. यावरून मोहरीच्या तेलानें प्रत्येक मुलाला पुरळ येतेंच असें मात्र ठरत नाहीं. अनेकांना वरकरणी कांहींच होत नाहीं, आणि म्हणूनच ही चाल टिकून आहे.

बाधलें हें ओळखावें कसें? समजा, नोकरीनिमित्त कोलकात्यास राहणाऱ्या एका मराठी घरांत बारा दिवसांचें मूल आहे, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून त्याला मोहरीचें तेल सुरू झालें. चौथ्या दिवशीं मानेच्या वळीत, काखेंत आणि जांघेंत लाली दिसूं लागते. चोळल्यानंतर ती वाढते आणि मूल किरकिरतें. आजी म्हणते, "अहो, जन्मल्यावर पुरळ येतच असतें." तेंही खोटें नाहीं. पण तें निरुपद्रवी पुरळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं उठून आपोआप मावळतें, आणि जागा बदलीत फिरतें. येथील लाली तेल सांचतें त्याच वळ्यांत आहे. अशा वेळीं तेल सर्वस्वीं बंद करावें, कोमट पाण्यानें अंग धुवावें, हरभऱ्याचें पीठ व हळद घांसूं नये, आणि वळ्या टिपून कोरड्या ठेवाव्या. तेलाचा दोष असेल तर लाली उतरणीस लागते. ती पसरली, पाणी सुटलें, पुवाचे फोड आले, किंवा मूल पीत नाहींसें झालें, तर त्याच दिवशीं डॉक्टरास दाखवावें.

सुवासिक द्रव्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. सर्दी होऊं नये म्हणून आपल्याकडे तेलांत कापूर घालतात, कोणी निलगिरीचे थेंब टाकतात. कापूर त्वचेंतून व श्वासावाटे शरीरांत जातो, आणि लहान मुलांना त्यानें झटके आल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. पुदिन्याचा अर्क नाकाजवळ आला, तर तान्ह्याचा श्वास क्षणभर अडकूं शकतो. वास जितका तीव्र, तितका गुण मोठा, हा हिशेब येथें चालत नाहीं.

मग वाटींत काय घालावें? वास न घातलेलें सूर्यफुलाचें तेल किंवा साधें, ताजें खोबरेल. ऑलिव्हचें तेल सौम्य समजतात, पण त्यांतील ओलिइक आम्ल त्वचेचा थर सैल करतें. तें टाळलेलें बरें. नव्या तेलाचा एक थेंब दंडाच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस पहावें. लाली न आल्यास दुसऱ्या दिवशीं एक लहान चमचाभर तेल तळहातावर कोमट करून हलक्या हातानें लावावें. कान-नाकांत थेंब सोडूं नयेत. टाळूवर तेल जिरवीत बसण्याचीही गरज नाहीं. त्वचा धडधाकट असलेल्या पूर्ण दिवसांच्या मुलाला तेल मुळींच न लावलें तरी चालतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलासाठीं मात्र त्याच्या डॉक्टरास विचारल्यावांचून वाटी पुढें आणूं नये.