रातांधळ्या जावयाची गोष्ट नव्यानं लिहिताना

सासुरवाडीला गेलेल्या रातांधळ्या जावयाची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकली असेल. दिवस मावळला की त्याला दिसेनासं होतं. ते लपवायला तो म्हशीचं शेपूट धरून घर गाठतो, अंधारात सासूलाच धडकतो, आणि सगळे हसतात. महिला मंडळाच्या नाटुकलीसाठी अशी गोष्ट कुणी लिहून आणली, तर ती कशी तपासायची, ते आज आपण बघू.

याला आधार आहे. २०२३ साली 'आँख मिचोली' हा हिंदी सिनेमा आला. त्यात रातांधळी, तोतरी, कमी ऐकू येणारी पात्रं होती. स्वतः अपंग असलेल्या निपुण मल्होत्रा यांनी त्याबद्दल न्यायालयात दाद मागितली. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. सिनेमावर बंदी घातली नाही, पण लिहिणाऱ्यांसाठी काही सूत्रं सांगितली. अपंगत्वाला हिणवणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाबद्दलची समज वाढवणारा विनोद वेगळा, हे त्यातलं मुख्य सूत्र. आजाराची माहिती शक्य तितकी अचूक हवी, हेही न्यायालयानं सांगितलं, आणि उदाहरण रातांधळेपणाचंच दिलं.

म्हणून आधी माहिती तपासू. सूर्य बुडाला की बटण बंद केल्यासारखं दिसणं थांबतं, असं नसतं. रातांधळ्या माणसाला मंद उजेडात कमी दिसतं, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला फार वेळ लागतो. लख्ख दिव्याखाली तोच माणूस रात्रीही नीट जेवू शकतो. कारणंही वेगवेगळी असतात. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे झालं असेल तर उपचार होतो. डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार असेल, तर हळूहळू बाजूचं दिसणंही कमी होत जातं. आपल्या जावयाला यातलं काय आहे, हे लेखिकेला माहीत हवं. उजळलेल्या माजघरात तो ताटाऐवजी पाटावर हात मारत असेल, तर तो प्रसंग खोटा आहे. तो खोडायचा.

मग हसू कशावर येतं ते बघू. मूळ गोष्टीत ते जावयाच्या धडपडण्यावर येतं. पण तो लपवतो का? कळलं तर लग्न मोडेल, लोक नावं ठेवतील, ही त्याची भीती आहे. अंगणात दिवा नाही, पायरी फुटलेली आहे, हेही खरं. आता असं लिहून बघा. जावई दारातच म्हणतो, ''सासूबाई, अंगणातला दिवा लावा, नाहीतर मी म्हशीच्या पाया पडेन आणि आशीर्वाद तीच देईल.'' सासरे दिवा शोधायला जातात आणि त्या फुटक्या पायरीवर स्वतःच अडखळतात. लोक आताही हसतील, पण विनोद जावयानं केलेला आहे आणि अडचण घराची आहे.

तिसरी गोष्ट शब्दांची. निवेदनात 'बिचारा', 'आंधळ्या', 'रातांधळेपणानं पछाडलेला' असं लिहू नये. 'त्याला मंद उजेडात कमी दिसतं' एवढं पुरतं. एखादं खाष्ट पात्र टोचून बोलत असेल तर तो संवाद ठेवता येतो, मात्र तेच मत नाटकाचं आहे असं वाटायला नको. कुणीतरी त्याला उत्तर द्यायला हवं. उलट टोकही टाळा. रात्री दिसत नाही म्हणून त्याला दुरून पैंजण ओळखणारे दैवी कान देऊ नका. तो शेतकरी असेल, चिडका असेल, गोडखाऊ असेल. अपंगत्व बाजूला ठेवल्यावर पात्रात काही उरतच नसेल, तर ते पात्र अजून लिहून झालेलं नाही.

हीच गोष्ट पाठ्यपुस्तकात घेतली, तर संपादकानं पाठाखालचे प्रश्नही वाचावेत. 'जावयाची फजिती कशी झाली?' या प्रश्नानं सगळी मेहनत वाया जाते. 'जावयाला सहज वावरता यावं म्हणून घरात काय बदलावं लागलं?' असं विचारलं की मूल पायरीकडे आणि दिव्याकडे बघतं. दिव्याच्या जाहिरातीतही तसंच. दिवा लागताच कृतज्ञतेनं डोळे पुसणारा जावई दाखवण्यापेक्षा, दुकानात स्वतः पारखून दिवा घेणारा जावई दाखवा.

आणि शेवटी, मैत्रिणींनो, रातांधळेपणा असलेल्या माणसाला संहिता वाचून दाखवा. तालमी संपल्यावर किंवा पुस्तक छापायला गेल्यावर नव्हे, पहिला खर्डा झाला की लगेच. तेव्हा प्रसंग बदलता येतो, नंतर फक्त एखादा शब्द बदलतो. त्यांच्या वेळेचं मानधन द्या. एकाचं मत सगळ्यांचं नसतं, म्हणून जमलं तर दोघांना विचारा. ऐकताना ते कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात, त्याची संहितेच्या कडेला खूण करा. दुसरा खर्डा त्या खुणांपासून सुरू करा.